गुलाबावरचे काळे ठिपके : औषधाच्या बाटलीआधी खाली पडलेली पानं उचला

आठवडाभर झड लागून गेली की गुलाब लावणाऱ्यांचा प्रश्न ठरलेलाच असतो. खालची पानं पिवळी पडतायत, त्यावर काळे डाग आहेत, नुसतं बोट लावलं तरी पान गळून पडतंय, काय घालू? उत्तरंही ठरलेली, कोणी म्हणतं खत कमी पडलंय, कोणी म्हणतं पाणी जास्त झालंय, आणि मग बिचाऱ्या झाडाला एकाच आठवड्यात खतही मिळतं, पाणीही तोडलं जातं आणि वरून कसलंतरी औषधही बसतं. तरी पंधरा दिवसांनी वरची पानं पण पिवळी व्हायला लागतात, कारण हा भुकेचा किंवा तहानेचा प्रश्नच नाहीये. ही एक बुरशी आहे, तिला ब्लॅक स्पॉट म्हणतात, शास्त्रीय नाव डिप्लोकार्पन रोझे, आणि ती फक्त गुलाबावरच जगते. तुमच्या जास्वंदीवर किंवा मोगऱ्यावर काळे डाग असतील तर ते दुसरं काहीतरी आहे, तिकडे हा लेख लावू नका.

माझं सरळ म्हणणं असं आहे की या रोगात अर्धं काम झाडाखालच्या जमिनीवर असतं, आणि लोक नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतात. का ते समजायला बुरशी एका पानावरून दुसऱ्या पानावर कशी जाते एवढंच बघायचंय, ते कळलं की साफसफाईची प्रत्येक स्टेप आपोआप लागते.

आधी खात्री करा की हाच रोग आहे

ठिपका पानाच्या वरच्या बाजूला असतो, काळा, साधारण गोल, मोठा झाला तर एक सेंटीमीटरच्या आसपास. खरी खूण त्याच्या कडेला असते. कड रेखीव नसते, फाटकी असते, बारीक बारीक काळे तंतू बाहेरच्या हिरव्या भागात घुसलेले दिसतात. जमलं तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, लगेच कळेल. ठिपक्याभोवतीचं पान पिवळं होत जातं आणि सुरुवात जवळपास नेहमी खालच्या पानांपासून होते.

पांढरी पावडर शिंपडल्यासारखं दिसत असेल तर ती भुरी. ठिपका लहान, मधे राखाडी आणि कडेला जांभळी रेखीव रेष असेल तर तो वेगळ्या बुरशीचा ठिपका. एकही काळा डाग नसताना अगदी खालची दोन-चार म्हातारी पानं पिवळी पडून गळत असतील तर तो काहीच रोग नाही, झाड जुनी पानं टाकतंच. आणि पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट टिपके आणि मागे जाळी असेल तर कोळी किडीकडे बघा.

एवढ्याशा ठिपक्याने अख्खं पान का गळतं?

हे खरंच कोड्यात टाकणारं आहे, कारण पानाचा बराच भाग अजून हिरवा, ठणठणीत असतो. होतं असं की बुरशी आत शिरली की पानात इथिलीन नावाचा वायू जास्त तयार व्हायला लागतो. हा वायू झाड स्वतःच बनवतं, पान म्हातारं झालं, आता सोडा, असा तो संकेत असतो. म्हणजे पान ठिपक्यामुळे संपत नाही, त्याला वेळेआधी म्हातारं ठरवलं जातं. पिवळं पडतं, देठापाशी सुटतं आणि पडतं. गुलाबाचं एक पान म्हणजे पाच-सात पत्र्यांचा संच असतो, आणि नाजूक जातीत त्यातल्या दोन-तीनच पत्र्यांवर ठिपके असले तरी अख्खा संच खाली येतो. याउलट काही जाती अशा आहेत की पान ठिपक्यांनी भरलं तरी कितीतरी दिवस झाडावर टिकून राहतं. म्हणून दोन झाडं शेजारी शेजारी असताना एक बोडकं होतं आणि एक बरं दिसतं, यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

नुकसान खरं पुढे आहे. पानं म्हणजे झाडाचा स्वयंपाक, ती गेली की झाड साठवलेल्यातून नवीन पालवी काढतं, ती पण गळली की परत काढतं, आणि अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की फुलं कमी येतात, लहान येतात, काड्या बारीक राहतात. एका वर्षात झाड सहसा मरत नाही, दरवर्षी हेच झालं तर मात्र खंगत जातं.

बुरशीला पाणी लागतं, वारा नाही

आता मुख्य गोष्ट. काळ्या ठिपक्यात थोड्या दिवसांनी बारीक फोड येतात आणि त्यात बीजाणू तयार होतात. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी समजा, डोळ्याला न दिसणारं. हे बी चिकट असतं, कोरड्या वाऱ्याने उडत नाही. त्याला पाण्याचा थेंब लागतो. पावसाचा किंवा पाईपच्या फवाऱ्याचा थेंब ठिपक्यावर आपटला की शिंतोड्यांबरोबर बीजाणू उडतात आणि वीतभर, हातभर अंतरावरच्या पानावर जाऊन बसतात. ओल्या पानांना लागलेले हात, कपडे, किडे यांच्याबरोबरही जातात.

पण नुसतं जाऊन बसून काम होत नाही. बीजाणू रुजून पानात शिरायला पान सलग साधारण सात तास ओलं राहावं लागतं. सात तासांच्या आत पान वाळलं तर बहुतेक बीजाणू तिथेच वाया जातात. हवा 18 ते 24 अंशांच्या आसपास असली की बुरशीचं सगळं सुरळीत चालतं, कडक ऊन आणि तिशीच्या वरचं कोरडं तापमान असलं की ती मंदावते. संपत नाही बरं का, मंदावते.

शिरल्यानंतर ठिपका दिसायला हवामानाप्रमाणे तीन दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि त्या ठिपक्यातून नवीन बीजाणू निघायला संसर्गापासून साधारण दहा दिवस ते अडीच आठवडे. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. ठिपका दिसतो तेव्हा तो बहुतेकदा अजून पसरवण्याच्या लायकीचा झालेला नसतो, म्हणजे तुम्हाला काही दिवसांची सवलत मिळते, आणि सगळी साफसफाई याच सवलतीवर उभी आहे.

एका झाडावर हिशोब करून बघू

समजा छातीएवढं एक झाड आहे, मागच्या मोसमात ठिपके होते, खाली जुनी वाळलेली पानं तशीच पडलीयत. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला जोराचा पाऊस येतो, जमिनीवरच्या जुन्या पानांवरून शिंतोडे खालच्या फांद्यांवर उडतात, रात्री वारा नाही, ढग आहेत, पानं सकाळी नऊला वाळतात. म्हणजे चौदा तास ओली. संसर्ग झाला, पण दिसत काहीच नाही, झाड एकदम छान दिसतंय.

सहाव्या दिवशी खालच्या चार पानांवर ठिपके दिसतात. इथे दोन रस्ते फुटतात. तुम्ही सातव्या दिवशी दुपारी, पानं कोरडी असताना, ती चार पानं देठासकट तोडली आणि खालचा पाचोळा उचलला, तर ही फेरी तिथेच थांबते, कारण त्या ठिपक्यांतून बी अजून निघालेलंच नाही. आणि चारच पानं आहेत म्हणून सोडून दिलं, तर बाराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत प्रत्येक ठिपक्यात बीजाणूंचे फोड तयार, तेवढ्यात परत पाऊस, आणि आता शिंतोडे जमिनीवरून नाही तर झाडाच्या अंगावरूनच उडतायत, वरच्या फांद्यांपर्यंत. विसाव्या दिवसाच्या सुमाराला मोजायला गेलात तर ठिपकेवाली पानं चारची कितीतरी पट झालेली असतात, पहिली चार गळून खाली पडलेली असतात आणि तिथून सुद्धा शिंतोडे चालूच. महिन्याभरात झाड अर्धं बोडकं. वर झाड घाईघाईने कोवळी पालवी काढतं, आणि पूर्ण न उघडलेली कोवळी पानं तर बुरशीला सगळ्यात सोपी.

म्हणून पावसाळी हवेत दर पाच-सात दिवसांनी एकदा झाडाखाली वाकून बघायचं. रोज नको, महिन्यातून एकदा तर अजिबात उपयोगाचं नाही.

साफसफाई, आणि तिचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे कारण प्रत्येक कामात वरून काहीतरी खाली पडतं, त्यामुळे जमीन शेवटी साफ करायची.

आधी झाडावरची ठिपकेवाली पानं. कोरड्या वेळीच, ओली असताना हात लावलात तर तुम्हीच बीजाणू वाटत फिराल. अख्खं पान देठासकट काढा, नुसती डागवाली पत्री खुडून काही साधत नाही. काढलेली पानं खाली टाकू नका, थेट पिशवीत. फांद्यांच्या बेचक्यात अडकलेली वाळकी पानं हमखास विसरली जातात, ती पण काढा.

मग काड्या. हे फार कमी लोक बघतात. बुरशी नुसती पानावर राहत नाही, कोवळ्या काड्यांवरही तिचे डाग पडतात, जांभळट-लाल, वेडेवाकडे, किंचित फुगीर, नंतर काळपट होणारे. पानं गळून गेल्यावरही ती या डागांत जिवंत राहते आणि नवीन पालवी आली की अगदी शेजारीच तयार असते. काडी उन्हाच्या बाजूने एकसारखी लालसर झाली असेल तर तो डाग नाही, गुलाबात ते नॉर्मल आहे. डाग तुटक आणि ठिगळासारखे असतात. अशी काडी डागाच्या चार-पाच बोटं खाली, आतून स्वच्छ पांढरट-हिरवी दिसेल तिथे, डोळ्याच्या जरा वर कापा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटरची पाती 70 टक्के अल्कोहोलने पुसली की झालं.

वर्षातली मोठी छाटणी ही या कामाची सगळ्यात मोठी संधी आहे. जिथे थंडीत गुलाबाची सगळी पानं गळतात तिथे बुरशी पडलेल्या पानांत आणि काड्यांच्या डागांत बसून राहते, त्यामुळे नवीन डोळे फुटायच्या आत दोन्ही हलवायचं. जिथे गुलाब वर्षभर हिरवा राहतो तिथे उलट अडचण, बुरशीला लपायची गरजच पडत नाही, ती खालच्या जुन्या पानांवर आरामात वर्ष काढते. अशा ठिकाणी छाटणीच्या वेळी उरलेली सगळी जुनी पानं, बरी दिसणारी सुद्धा, हाताने काढून टाकायची, म्हणजे जुन्या आणि नव्या पालवीची भेटच होत नाही. माझ्या मते वर्षातलं एकच काम करायचं ठरवलं तर हेच करा.

आता जमीन. पाचोळा झाडून नाही, वेचून काढा, कारण झाडूने पानं चुरली की तुकडे मातीत राहतात. कुंडीत असेल तर कुंडीच्या कडेला आणि कुंडीखाली बघा. जुनं आच्छादन पानांनी भरलेलं असेल तर तेही वरचं वर खरवडून काढा. मग त्यावर दोन-तीन इंच नवीन आच्छादन, वाळकं गवत, सालपटं, काहीही स्वच्छ, फक्त खोडाला चिकटवू नका, थोडी जागा सोडा. याचं काम एवढंच की चुकून राहिलेल्या तुकड्यांवर पावसाचा थेंब थेट आपटू नये.

पिशवीचं काय करायचं? कचऱ्यात द्या, नाहीतर झाडापासून लांब फूटभर खोल पुरा. घरच्या कंपोस्टमधे टाकू नका. ढीग आतून 60 अंशांपर्यंत तापून काही दिवस तसाच राहिला तर बुरशी मरते, पण घरचे छोटे डबे इतके तापत नाहीत, आणि कडेचा भाग तर नाहीच.

एवढी पानं तोडली तर झाड जगणार कसं?

शंका बरोबर आहे. वाढीच्या दिवसांत एका वेळी साधारण एक तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका. झाड आधीच ठिपक्यांनी भरलं असेल तर सगळ्यात खराब, पिवळी पडलेली आणि खालची आधी काढा, ती तशीही चार दिवसांत गळणारच होती, त्यातून झाडाला फारसं काही मिळत नव्हतं. वरची एखाद-दुसऱ्या ठिपक्याची पानं पुढच्या आठवड्यावर ठेवा. छाटणीच्या वेळी सगळी पानं काढायला जे वर सांगितलं ते वेगळं, तेव्हा झाड विश्रांतीत असतं आणि फुटायच्या तयारीत असतं, भर वाढीत तसं करू नका. आणि पानं काढल्या काढल्या भरपूर नत्राचं खत घालायचा मोह आवरा, त्याने एकदम लुसलुशीत कोवळी पालवी येते आणि ती बुरशीच्याच उपयोगाची.

त्यापेक्षा औषध मारून मोकळं का नाही व्हायचं?

कारण औषध ठिपका पुसत नाही. बहुतेक बुरशीनाशकं पानावर थर धरतात आणि नवीन बीजाणू रुजू देत नाहीत, म्हणजे ती निरोगी पानासाठी असतात. काही औषधं पानात थोडी शिरून अगदी ताजा संसर्ग रोखतात, पण काळं पडलेलं पान परत हिरवं करणारं औषध नाही. खाली पाचोळा तसाच ठेवून फवारत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं आहे. शिवाय पावसाने थर धुतला जातो, नवीन पान आलं की ते बिनथराचंच असतं, म्हणून ओल्या मोसमात दर सात ते चौदा दिवसांनी परत मारावं लागतं.

औषध वापरूच नका असं म्हणत नाहीये. नाजूक जात आणि सततचा पाऊस असेल तर साफसफाईनंतर लगेच, नवीन पालवी उघडत असतानाच सुरू केलेली फवारणी चांगली साथ देते. पानाच्या मागच्या बाजूलाही बसली पाहिजे, मात्रा लेबलवरचीच, आणि सतत एकच औषध न मारता वेगळ्या गटातलं आलटून-पालटून, नाहीतर बुरशी त्याला सरावते. गंधक मारत असाल तर तापमान तिशीच्या खाली असताना, आणि तेलाच्या फवारणीत आणि गंधकात दोन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल किंवा खायच्या सोड्याचं पाणी फारतर सौम्य प्रतिबंध करतं, पसरलेला रोग त्याने आटोक्यात येत नाही, आणि सोडा जास्त झाला की पानांच्या कडा करपतात.

पाणी घालायची पद्धत मात्र फुकटात बदलता येते. बुडाशी, सकाळी. वरून पाईप मारायची हौस असेल तर निदान संध्याकाळी नको, रात्रभर पान ओलं राहिलं की सात तास सहज भरतात. मधली गर्दी विरळ केली, दोन झाडांत हवा खेळेल एवढी जागा ठेवली की पाऊस थांबल्यावर पान लवकर वाळतं, सगळा खेळ तेवढाच आहे.

माती बदलायला हवी का? आणि शेजारून परत आलं तर?

माती बदलायची गरज नाही. ही बुरशी नुसत्या मातीत फार काळ टिकत नाही, तिला गुलाबाचं पान किंवा काडी लागते. वरचा पानांचे तुकडे मिसळलेला इंचभर थर काढला तर पुरे, अख्खं झाड उपटून नवीन मातीत लावायची शिक्षा त्याला देऊ नका.

शेजारून येऊ शकतं, हो. पण शिंतोड्यांची उडी लहान असते, त्यामुळे भिंतीपलीकडच्या गुलाबापेक्षा तुमच्याच झाडाखालचा पाचोळा कितीतरी जास्त धोक्याचा. नर्सरीतून आणलेलं नवीन झाड हा जास्त खरा दरवाजा आहे, ते आधी दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि खालची पानं बघत राहा. रोगाला दाद न देणाऱ्या जाती मिळतात, 2000 साली बाजारात आलेली नॉक आउट ही त्यातली सगळ्यात गाजलेली, पण या बुरशीच्याही वेगवेगळ्या जाती असतात आणि एका ठिकाणी न लागणारा रोग त्याच गुलाबाला दुसऱ्या ठिकाणी लागू शकतो, म्हणून लेबलवर रोगप्रतिकारक लिहिलंय एवढ्यावर पाचोळा सोडून देऊ नका.

जमलं की नाही कसं ओळखायचं

जुनी पानं बघून ठरवू नका, त्यांच्यावरचे डाग जाणारच नाहीत आणि साफसफाईच्या आधी संसर्ग झालेल्या पानांवर पुढचे दोन आठवडे नवीन ठिपके येतच राहतील, त्याने घाबरून लोक इथेच सोडून देतात. साफसफाईच्या दिवशी एका फांदीला वरच्या टोकापाशी दोरा बांधा. दोऱ्याच्या वर जी पालवी येईल ती साफसफाईनंतरची. दोनदा चांगली ओल होऊन गेली, प्रत्येक ओलीनंतर दोन आठवडे झाले, आणि दोऱ्याच्या वर ठिपका नाही किंवा एखादाच आहे, तर फेरी तुटली. वर भराभर ठिपके दिसायला लागले तर बीजाणूंचा साठा कुठेतरी राहिलाय, तेव्हा आधी काड्यांवरचे जांभळे डाग परत तपासा, मग आच्छादनाखाली हात घाला, औषध बदलायचा विचार त्यानंतर.